सफरचंदाच्या मोसमाआधी व्यापाऱ्यांना पाठवायचा बुकिंगचा ईमेल

नवी मुंबईत तुर्भे-वाशीच्या बाजाराला लागून असलेल्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणाऱ्यांचं वर्ष जुलैच्या मध्यात सुरू होतं. हिमाचलचं सफरचंद तेव्हा बाजारात यायला लागलेलं असतं, पण ते बहुतेक गाळ्यावरच विकलं जातं. ठेवायचा माल म्हणजे काश्मीरचा. तो सप्टेंबरात वाढत जातो, ऑक्टोबरात उसळतो आणि नोव्हेंबरात उतरतो. ज्या व्यापाऱ्याला जानेवारी-फेब्रुवारीत विकायला माल हवा असतो, त्याला ऑक्टोबरात जागा लागते, आणि ती सगळ्यांना एकाच वेळी लागते. म्हणून जागेच्या बुकिंगचा ईमेल आम्ही 15 जुलैच्या आसपास पाठवतो आणि उत्तरासाठी 10 ऑगस्टची मुदत देतो. तो ईमेल कसा लिहावा आणि त्यातल्या कुठल्या ओळीवर कुठली अडचण अवलंबून असते, ते इथे मांडतो आहोत. शीतगृह चालवणाऱ्यांना तर ते उपयोगी पडेलच, पण असा ईमेल ज्यांना येतो त्या व्यापाऱ्यांनाही आपल्याकडे इतकी माहिती का मागतात ते कळेल.

आमचे सुरुवातीचे ईमेल दोन ओळींचे असत. मोसम जवळ आला आहे, जागा मर्यादित आहे, लवकर बुक करा. त्याला उत्तरंही तशीच येत. “शंभर टन धरून ठेवा”, “मागच्या वर्षीइतकीच जागा”. कागदावर बेरीज बरोबर यायची आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दारात चार ट्रक उभे राहायचे. चेंबरमध्ये जागा रिकामी दिसत असूनही माल आत घेता यायचा नाही. व्यापाऱ्याला ते पटायचं नाही आणि त्याचा राग योग्य होता, कारण आम्हीच त्याला जागेचं वचन दिलेलं होतं. आत किती माल मावतो, हे आम्ही कळवलेलं असायचं. एका दिवसात किती माल थंड होतो, हे मात्र आम्ही ना सांगितलेलं असायचं, ना विचारलेलं.

हा हिशेब एकदा सविस्तर मांडतो, कारण ईमेलमधली सगळ्यात महत्त्वाची अट याच्यावरच उभी आहे.

आमचं एक चेंबर आतून 15 मीटर लांब, 9 मीटर रुंद आणि 6.3 मीटर उंच आहे, म्हणजे साधारण 850 घनमीटर. बहुविध मालाच्या शीतगृहाला टनामागे 3.4 घनमीटर धरायची पद्धत आहे, त्या हिशेबाने हे 250 टनांचं चेंबर. त्याला 12 टीआरचं यंत्र जोडलेलं आहे. एक टीआर म्हणजे ताशी 3,024 किलोकॅलरी उष्णता बाहेर काढायची ताकद. ऐकायला दोन्हीकडे टन येत असला, तरी माल मोजायचा टन वेगळा आणि यंत्र मोजायचा टन वेगळा. चेंबर भरलेलं असताना भिंतीतून झिरपणारी उष्णता, पंख्यांच्या मोटरी, दिवे, दाराची उघडझाप आणि आधी ठेवलेल्या फळांचा श्वास एवढं सांभाळायलाच जवळपास 5 टीआर खर्च होतात. नव्या मालासाठी उरतात 7. कॉइलवरचा बर्फ काढायचा वेळ वजा केला तर यंत्र दिवसात 20 तास चालतं. म्हणजे नव्या मालातून दिवसाला 423,000 किलोकॅलरी काढता येतात, त्यापलीकडे नाही.

आता ट्रककडे येऊ. काश्मीरचा एक मोठा ट्रक म्हणजे आमच्या मोजणीत 1,000 पेटी, 18 किलोची एक, एकूण 18 टन. फळाच्या आतलं तापमान 28 अंश असेल आणि ते 2 अंशांवर आणायचं असेल, तर 26 अंश उतरवायचे. सफरचंदाचा एक किलो एक अंशाने थंड करायला 0.9 किलोकॅलरी लागते. 18,000 गुणिले 0.9 गुणिले 26 केलं की 421,000 येतात. यंत्राकडे शिल्लक 423,000. म्हणजे एका चेंबरला दिवसाला एक ट्रक, आणि तोही अगदी काठोकाठ.

त्यात ऊबदार फळाचा स्वतःचा श्वास धरलेला नाही. पेटीच्या मधोमध असलेलं फळ पुठ्ठ्याआड असतं, ते पहिल्या दिवसात थंड होतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही ते उष्णता सोडत राहतं, आणि तोवर दुसरा ट्रक आत आलेला असतो. त्यामुळे आमचा नियम असा: एका चेंबरला दिवसाला एक ट्रक, सलग तीन दिवस घेतल्यावर चौथा दिवस मोकळा. त्या मोकळ्या दिवशी दार शक्यतो उघडायचंच नाही.

दोन ट्रक एकाच दिवशी आत घेतले तर काय होतं? 842,000 किलोकॅलरी काढायला यंत्राला सगळी ताकद लावून दोन दिवस लागतात. तेवढ्यात चेंबरची हवा 1 अंशावरून 4-5 अंशांवर जाते. नवा माल तर थंड होत नाहीच, पण तीन आठवड्यांपूर्वी ठेवलेला दुसऱ्याचा मालही तापतो. नव्या फळातून आणि उघड्या दारातून आलेला ओलावा थंड पेट्यांवर धरतो. पुठ्ठा ओला झाला की त्याची ताकद जाते आणि थप्पीतल्या सगळ्यात खालच्या पेटीचे कोपरे बसायला लागतात. ही खूण दोन-तीन दिवसांनी दिसते. थप्पी बाहेरून सरळ वाटते, पण खालच्या पेटीच्या कोपऱ्यावर बोट दाबलं तर पुठ्ठा आत जातो, आणि तळच्या थरातल्या फळावर वरच्या वजनाचा गोल चपटा डाग पडलेला असतो. तोच डाग जानेवारीत तपकिरी होतो आणि व्यापारी माल उतरवून घेताना पेटीमागे पैसे कापायला सांगतो. दोष मात्र त्या एका शनिवारी उघडलेल्या दाराचा असतो.

म्हणून आता आमच्या ईमेलात पहिला प्रश्न “किती माल?” हा नसतो. “कुठल्या तारखेला किती ट्रक?” हा असतो.

दुसरा हिशेब जागेचा. चेंबर 250 टनांचं असलं तरी आम्ही त्यात 200 टनांच्या वर बुकिंग घेत नाही. भिंतीपासून थप्पी वीतभर लांब ठेवावी लागते, वर छत आणि पंख्याखाली दीड-दोन फूट मोकळं लागतं, नाहीतर हवा फिरत नाही. आणि एकाच चेंबरमध्ये पाच-सहा व्यापारी असले की प्रत्येकाचा लॉट कधीही काढता यायला हवा, त्यासाठी मध्ये वाट सोडावी लागते. पूर्ण चेंबर एकट्याने घेणाऱ्याकडे ही वाट कमी लागते, त्याला जास्त माल बसवता येतो. 200 टन म्हणजे 11 ट्रक. दिवसाला एक ट्रक आणि मध्ये तीन मोकळे दिवस धरले तर एक चेंबर भरायला दोन आठवडे लागतात. आमची सफरचंदाची तीन चेंबर आहेत. म्हणजे मोसम कितीही तापला तरी दिवसाला तीनच ट्रक. ही ओळ ईमेलात ठळक लिहिल्यापासून दारातली भांडणं खूप कमी झाली.

ईमेल आम्ही मराठीत आणि हिंदीत पाठवतो. फळबाजारात दोन्ही वाचणारे आहेत. लोक तो फोनवर वाचतात, बहुतेकदा पहाटेची विक्री आटोपल्यावर. त्यामुळे विषयाच्या ओळीतच मुदत आली पाहिजे आणि पहिल्या पाच ओळींत काय करायचं ते कळलं पाहिजे. दरपत्रक वेगळं जोडतो, कारण मजकुरात दर लिहिला की वाचणारा तिथेच थांबतो आणि पुढच्या अटी वाचायच्या राहून जातात. मागच्या मोसमात वापरलेला मजकूर थोड्याफार फरकाने असा होता:

> विषय: काश्मीर सफरचंद साठवण, 10 ऑगस्टपर्यंत तारखा कळवा
>
> सप्रेम नमस्कार शेठ,
>
> सप्टेंबर ते नोव्हेंबरसाठी चेंबरचं बुकिंग सुरू केलं आहे. आमच्याकडे सफरचंदाची तीन चेंबर आहेत आणि एका चेंबरमध्ये दिवसाला एकच ट्रक (साधारण 1,000 पेटी) घेतला जाईल. म्हणून एकूण मालासोबत आवकेच्या तारखा कळवणं आवश्यक आहे.
>
> या ईमेलला उत्तर देताना एवढं लिहा: एकूण पेट्या आणि एका पेटीचं वजन, पेटी पुठ्ठ्याची की लाकडी, सफरचंदाची जात, प्रत्येक ट्रकची अपेक्षित तारीख, माल कुठल्या महिन्यापर्यंत ठेवायचा आहे, उतरवून घेण्यासाठी कोणाची सही चालेल.
>
> बयाणा: एका महिन्याच्या भाड्याच्या निम्मा, तारीख पक्की झाल्यापासून सात दिवसांत. तो शेवटच्या बिलात वळता होईल.
>
> तुमच्या तारखेच्या आधी किंवा नंतर दोन दिवसांत ट्रक आला तर तारीख तुमचीच राहील, मात्र रांगेत एखाद दिवस थांबावं लागू शकतं. त्याहून उशीर झाला तर पुढची मोकळी तारीख मिळेल. महामार्ग सरकारी आदेशाने बंद असेल तर बयाणा आणि क्रम दोन्ही कायम राहतील.
>
> भाडं माल आत आल्याच्या दिवसापासून. महिना मोडला तर 15 दिवसांपर्यंत अर्धं, त्यापुढे पूर्ण. वाराई वेगळी.
>
> गाजर, किवी आणि भाजी यांची व्यवस्था वेगळ्या चेंबरमध्ये आहे. त्यासाठी वेगळा अर्ज सोबत जोडला आहे.

यातल्या प्रत्येक ओळीमागे कधी ना कधी झालेला घोळ आहे. पेटीचं वजन विचारतो, कारण “हजार पेटी” म्हणणाऱ्या दोघांच्या मालात तीन-चार टनांचा फरक पडू शकतो. हिमाचलची नवी पेटी 20 किलोची येते, काश्मीरची पेटी त्याहून हलकीही असते. पेटी पुठ्ठ्याची की लाकडी हे थप्पीच्या उंचीसाठी लागतं. लाकडी पेटी जास्त उंच चढवता येते. पुठ्ठ्याची पेटी 90 टक्के आर्द्रतेत महिनोन्‌महिने राहिली की मऊ होते, तिची थप्पी पॅलेटवर बांधून आम्ही आठ थरांवर थांबवतो. सही कोणाची चालेल हे बारीक वाटतं, पण डिसेंबरात गाळ्यावरचा मुलगा फोनवरून सांगतो, “दोनशे पेटी सोडा”, आणि महिनाअखेरीस शेठ म्हणतात, “मी सांगितलंच नव्हतं.” लेखी नाव असलं की हा प्रश्न उरत नाही.

माल कधीपर्यंत ठेवायचा हा प्रश्न भाड्यासाठी नसून चेंबर ठरवण्यासाठी आहे. साध्या शीतगृहात, म्हणजे हवेतला प्राणवायू कमी न करता, 0 ते 1 अंशावर चांगलं डेलिशियस चार महिने नीट राहतं. त्यापुढे ते पिठूळ व्हायला लागतं. ज्यांना मार्च-एप्रिलपर्यंत ठेवायचं आहे त्यांना आम्ही स्पष्ट कळवतो की आमच्याकडे ते होणार नाही, नियंत्रित हवेचं शीतगृह बघा. बुकिंग हातचं जातं, पण फेब्रुवारीच्या शेवटी मऊ झालेल्या मालावरून होणारा वाद त्याहून महाग पडतो. जे डिसेंबरात काढणार आहेत त्यांना दाराजवळची जागा देतो, जे फेब्रुवारीपर्यंत ठेवणार त्यांना मागची. असं केलं नाही तर डिसेंबरात मागच्या दोनशे पेट्या काढण्यासाठी पुढच्या सहाशे हलवाव्या लागतात. त्या हलवण्यात दोन तास दार उघडं राहतं आणि वाराई कोणी द्यायची यावर पुन्हा चर्चा होते.

उत्तरं यायला लागली की खरं काम सुरू होतं. आम्ही एक मोठा तक्ता करतो, उभ्या बाजूला तारखा आणि आडव्या बाजूला तीन चेंबर. एका खणात एक ट्रक. प्रत्येक चौथा दिवस आधीच खोडून ठेवतो. मग उत्तर ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने खण भरतो. जुना ग्राहक म्हणून क्रम बदलत नाही, कारण बाजारात गाळ्याला गाळा लागून आहे आणि कोणाला कुठली तारीख मिळाली हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

एका व्यापाऱ्याची मागणी उदाहरणादाखल घेऊ. त्यांचं उत्तर आलं: सहा ट्रक, एकूण 108 टन, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, फेब्रुवारीपर्यंत. तारखा लिहिलेल्या नव्हत्या. त्यांच्या मनात तीन ट्रक शनिवारी आणि तीन सोमवारी असं होतं, कारण तिकडचा दलाल तसा माल भरतो. दुसऱ्या चेंबरमध्ये तोवर एकच बुकिंग होतं, 9 तारखेचा एक ट्रक. आम्ही त्यांना 5, 6 आणि 7 तारीख दिली. 8 मोकळा दिवस. 9 दुसऱ्याचा. मग 10 आणि 11 त्यांच्या. 9, 10, 11 असे सलग तीन झाले म्हणून 12 मोकळा, आणि सहावा ट्रक 13 तारखेला. म्हणजे एका आठवड्याची मागणी नऊ दिवसांत पसरली. त्यांनी विचारलं की बाकीच्या दोन चेंबरमध्ये वाटून का देत नाही, तीन दिवसांत काम होईल. तसं करता येतं, पण मग त्यांचा माल तीन ठिकाणी जातो, फेब्रुवारीत काढताना तीन दारं उघडावी लागतात आणि ग्रेडप्रमाणे वेगळं काढणं अवघड होतं. हे लिहून कळवल्यावर त्यांनी नऊ दिवस मान्य केले आणि दलालाला या तारखांप्रमाणे दिवसाला एकच ट्रक भरायला सांगितलं. त्यात त्यांचा एक फायदाही झाला: रोज एकच ट्रक आला की उतरवताना वाईट पेट्या बाजूला काढून थेट गाळ्यावर पाठवायला माणूस मोकळा असतो.

ट्रक रस्त्यावर असतानाच्या सूचनांचा वेगळा छोटा ईमेल तारीख पक्की करताना जातो. ट्रक मंडीतून निघाला की गाडी नंबर आणि पेट्यांची संख्या कळवायची. इथे पोहोचायला चार-पाच दिवस लागतात, तेवढ्यात आम्हाला टोळी ठरवता येते. माथाडी टोळीला आदल्या दिवशी सांगावं लागतं आणि 1,000 पेट्या उतरवून थप्पी लावायला चार-साडेचार तास जातात. ट्रक पहाटे सहाच्या आत लागला तर सगळ्यात बरं. दुपारी एकला लागलेल्या ट्रकमध्ये ताडपत्रीखालचा वरचा थर तापलेला असतो आणि तेच काम यंत्राला जड जातं. फळ 28 ऐवजी 32 अंशांवर आलं तर 26 च्या जागी 30 अंश उतरवायचे, म्हणजे 486,000 किलोकॅलरी. आमच्या यंत्राच्या दिवसाच्या ताकदीबाहेर.

म्हणून दारातच तपासणी होते आणि तीही ईमेलात आधी लिहिलेली असते. ट्रकच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागातून, थप्पीच्या आतल्या बाजूची एकेक पेटी काढायची. पेटीच्या मधलं फळ घ्यायचं आणि त्याच्या गाभ्याच्या कडेपर्यंत तापमापकाची सुई रुतवायची. आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट थांबायचं. बाहेरून फळाला हात लावून थंड वाटतं, पहाटेच्या गारव्यात तर हमखास वाटतं, पण आत 29 निघतं. तिन्ही आकडे आवक पावतीवर लिहून ड्रायव्हरची आणि आमची सही होते. सरासरी 30 च्या वर असेल तर ट्रक आधी मधल्या खोलीत घेतो. तिथे 10-12 अंश असतात, एका ट्रकपुरती जागा आहे. रात्रभर तिथे ठेवून सकाळी चेंबरमध्ये. त्याचं वेगळं भाडं लागत नाही, पण त्या रात्री ती खोली दुसऱ्याला मिळत नाही, एवढं व्यापाऱ्यांनी समजून घ्यावं.

तपासणीत दुसरी गोष्ट फळाचा कडकपणा. दाबून मोजायचं साधं यंत्र असतं, साल काढलेल्या जागी टोक दाबलं की आकडा येतो. मऊ निघालेला माल आम्ही परत पाठवत नाही, पण पावतीवर “जास्त ठेवण्यास योग्य नाही” असं लिहितो आणि त्याच दिवशी व्यापाऱ्याला ईमेल करतो. शीतगृह फळाचं पिकणं मंदावतं, पिकलेलं फळ कडक करत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी जानेवारीत ते आठवायला लेखी नोंद लागते.

2025 च्या ऑगस्टअखेर पाऊस-पुराने जम्मू-श्रीनगर महामार्ग खचला आणि सप्टेंबरात सफरचंदाचे ट्रक कित्येक दिवस वाटेत अडकून पडले. अशा वेळी दोन गोष्टी एकदम होतात. अडकलेला माल ताडपत्रीखाली पिकत राहतो, त्यामुळे तो ठेवण्याच्या लायकीचा उरत नाही. आणि रस्ता सुटला की आठ दिवसांचे ट्रक दोन दिवसांत येतात. महामार्ग बंदची ओळ ईमेलात आहे ती यासाठीच. बयाणा जप्त होईल या भीतीने व्यापारी आठ दिवस ट्रकमध्ये तापलेला मालही चेंबरमध्येच भरायला बघतो. बयाणा सुरक्षित आहे हे माहीत असलं तर तो तेवढा ट्रक थेट बाजारात विकतो आणि आपल्या तारखा पुढच्या ताज्या मालासाठी राखतो. त्याचं नुकसान कमी होतं आणि आमच्या चेंबरमधल्या इतरांचा माल वाचतो, कारण जास्त पिकलेलं सफरचंद इथिलीन वायू सोडतं आणि शेजारच्या पेट्यांनाही पिकवतं.

इथिलीनवरूनच भाजीवाल्यांच्या अर्जाकडे येतो. त्यांना वेगळा अर्ज का, हे दरवर्षी विचारलं जातं. गाजराला 0 अंश लागतात, सफरचंदालाही साधारण तेवढेच. दोघांनाही आर्द्रता भरपूर लागते. तेव्हा सफरचंदाच्या चेंबरमध्ये कोपऱ्यात गाजराच्या शंभर गोण्या टाकायला काय हरकत आहे? हरकत अशी की सफरचंदाच्या इथिलीनने गाजर कडू होतं. दिसायला काही फरक नसतो, रंग तसाच, कडकपणा तसाच. चव घेतली की कळतं, आणि चव घेणारा ग्राहक तुमच्या गाळ्यावर परत येत नाही. किवीचं उलट, ते 0 अंशावरही इथिलीनने पटापट मऊ पडतं. त्यामुळे तापमान जुळत असूनही या दोघांना सफरचंदाच्या चेंबरमध्ये आम्ही घेत नाही, एक पेटीसुद्धा नाही.

मिरची आणि लिंबाचं चेंबर वेगळं आहे, 8 ते 10 अंशांचं. हिरव्या मिरचीला 7 च्या खाली नेलं तर आत असताना ती ठीक दिसते आणि बाहेर काढल्यावर दोन दिवसांत सालीवर खळगे पडतात, देठाकडून कुजते. म्हणून “जरा जास्त थंड ठेवा, जास्त टिकेल” ही मागणी आम्ही लेखी नाकारतो. भाजीचा मुक्काम महिन्याचा नसतो, आठ-दहा दिवसांचा असतो, त्यामुळे त्यांच्या अर्जात महिने न विचारता दिवस विचारतो, भाडं क्रेटमागे दिवसावर असतं आणि तारीख तीन दिवस आधी कळवली तरी चालते.

ईमेलातला कराचा मुद्दा थोडक्यात. ताजा शेतमाल साठवण्याच्या सेवेवर जीएसटी माफ आहे. पण कोणी पूर्ण चेंबर मोसमभर घेतलं आणि पत्रात “चेंबर भाड्याने दिलं” असं लिहिलं, तर तो जागेच्या भाडेपट्ट्याचा व्यवहार ठरवला जाऊ शकतो आणि त्यावर कर लागू शकतो. आम्ही पूर्ण चेंबरच्या पत्रातही “इतक्या पेट्या सफरचंदाची साठवण” असंच लिहितो, कारण प्रत्यक्षात चावी, यंत्र आणि तापमान आमच्याच ताब्यात असतं. तुमच्या करार पत्राची भाषा तुमच्या सनदी लेखापालाला एकदा दाखवून घ्या.

10 ऑगस्टला तक्ता बंद होतो आणि त्यानंतरचे तीन आठवडे यंत्राचे. दाराच्या रबरी गॅस्केटमध्ये कागदाची पट्टी धरून दार लावायचं. पट्टी सहज निघाली तर तिथून थंडी जाते. तापमानाचे सेन्सर बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून त्यात बुडवायचे, ते 0 दाखवतात का बघायचं. एखादा 0.8 दाखवत असेल तर चेंबर प्रत्यक्षात ठरवल्यापेक्षा थंड चालत असतं. सफरचंद उणे दीड अंशाच्या आसपास गोठतं, त्यामुळे पंख्यासमोरच्या थप्पीला अशा फरकाने धोका पोहोचतो. पहिल्या ट्रकच्या तीन दिवस आधी रिकामं चेंबर 1 अंशावर आणून ठेवतो, म्हणजे भिंती आणि जमीन थंड झालेली असते. पहिली तारीख कोणाची आहे हे पक्कं असल्याशिवाय हे करता येत नाही. रिकामं चेंबर चालवण्याची वीज कुठल्याच पेटीवर टाकता येत नाही.

11 ऑगस्टला दुसरा ईमेल जातो, तोही यादीतल्या सगळ्यांना. त्यात नावं नसतात, फक्त तीन चेंबरच्या उरलेल्या मोकळ्या तारखा असतात. सप्टेंबरचा तिसरा आठवडा बहुतेकदा शिल्लक असतो, ऑक्टोबरची 5 ते 20 भरलेली असते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला थोडी जागा असते. ज्यांनी मुदतीत उत्तर दिलं नाही ते हा ईमेल वाचून फोन करतात. त्यांना आम्ही सप्टेंबरच्या तारखा सुचवतो आणि माल थोडा आधी भरायचा असेल तर तिकडच्या दलालाला फळाचा कडकपणा तपासून घ्यायला सांगतो. बयाणा सात दिवसांत आला नाही तर तो खण पुसतो आणि 19 तारखेला तीच यादी, नव्या मोकळ्या तारखांसह, पुन्हा पाठवतो.